उघडे राहिलेले प्रोफाइल : गुहागरच्या एका घरातील पाहण्याच्या नोंदी आणि पिन यांच्या गोंधळाचा अभ्यास

गुहागर परिसरात इंटरनेटच्या जोडण्या देण्याचे आणि घरोघरचे टीव्ही मार्गी लावण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. गौरी-गणपती संपून चाकरमानी मुंबईला परतले, की पुढचे दोन आठवडे ज्या तक्रारी येतात त्यांत एक ठरलेली असते : "टीव्हीवरच्या खात्यात कोणीतरी शिरले आहे." ज्या घराचे प्रकरण येथे मांडत आहे, त्या घरी तर एकाच वेळी तीन तक्रारी होत्या आणि तिन्हींचा एकमेकींशी संबंध असेल असे घरातल्या कोणालाही वाटत नव्हते. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. माणसांची आणि इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या त्या सेवेची नावे दिलेली नाहीत. पडद्यावरच्या पाट्या प्रत्येक सेवेत थोड्या वेगळ्या असतात, पण ज्या कारणांमुळे गोंधळ झाला ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहेत.

घर नारळी-पोफळीच्या वाडीतले. आजी, दादा, वहिनी, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असे पाच जण तेथे कायम राहतात. मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. दादांचा धाकटा भाऊ मुंबईत असतो आणि खाते त्याचे आहे. पैसे तो भरतो, आणि नोंदवलेला ईमेल व मोबाइल क्रमांकही त्याचाच आहे. खात्यात प्रत्येकाच्या पाहण्याची नोंद वेगळी ठेवणारी पाच प्रोफाइल होती व त्या सेवेत पाचच करता येत होती : भाऊ, दादा, वहिनी, आजी आणि मुले. मुलांच्या प्रोफाइलला वयोमर्यादा घातलेली होती, दादांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन होता, आणि बाकीची तीन प्रोफाइल उघडी होती. खाते माजघरातल्या मोठ्या टीव्हीवर सुरू होते, पाहुण्यांच्या एका खोलीतल्या जुन्या टीव्हीला इंटरनेटशी जोडणाऱ्या स्टिकवरही सुरू होते, शिवाय घरातल्या फोनांवर होतेच.

पहिली तक्रार वहिनींची होती. गौरीपूजनाच्या रात्री मुलगा घाबरून झोपेतून उठला आणि त्याने जे सांगितले त्यावरून त्याने खुनाच्या तपासाची एक मालिका पाहिली होती हे उघड होते. त्या मालिकेवर 'A' असा शिक्का होता. मुलांच्या प्रोफाइलमध्ये ती दिसत नव्हती, पण दादांच्या प्रोफाइलमध्ये तिचे तीन भाग पाहिल्याची नोंद होती आणि दादा तर म्हणत होते की त्यांनी ती मालिका उघडलीसुद्धा नाही. दुसरी तक्रार दादांची : गणपतीनंतर टीव्ही पिन मागू लागला आणि बरोबर पिन टाकूनही "चुकीचा" म्हणू लागला, त्यामुळे मुलाने पिन बदलला असावा अशी त्यांना शंका होती. तिसरी तक्रार आजींची, आणि ती त्यांनी मी निघताना सहज सांगितली. त्यांच्या प्रोफाइलच्या चित्रावर दाबले की पूर्वी जुनी मराठी नाटके आणि कीर्तने समोर येत. आता भुताखेतांचे चित्रपट येत होते.

दादा पासवर्ड बदलून सगळी उपकरणे खात्यातून बाहेर काढण्याच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवले, आणि अशा प्रकरणात मी नेहमीच थांबवतो. सगळे बाहेर काढले की कोणत्या उपकरणावर खाते सुरू होते ती यादी विस्कटते, आणि मग काय घडले ते न कळताच सर्व पुन्हा पूर्वीसारखे सुरू होते. आधी नोंदी वाचायच्या आणि मग हात लावायचा, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

नोंदी वाचताना

खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोफाइलची पाहण्याची यादी मिळते, पण तिच्यात बहुधा फक्त कार्यक्रमाचे नाव आणि दिनांक असतो. या सेवेत खातेदाराने आपली संपूर्ण माहिती मागितली, तर काही दिवसांनी एक सविस्तर फाइल मिळते. तिच्यात प्रोफाइल, सुरुवातीची वेळ, किती वेळ पाहिले आणि उपकरणाचा प्रकार हे सर्व असते. भावाने मुंबईहून ती मागवून पाठवली. गौरीपूजनाच्या दिवसाच्या तीन ओळी, दिनांक व भागांची नावे वगळून, अशा होत्या :

```
Profile Name, Start Time, Duration, Device Type
Dada, 10:05:12, 00:52:03, Smart TV
Dada, 10:57:20, 00:50:31, Smart TV
Dada, 11:47:56, 00:11:08, Smart TV
```

या ओळी पाहून वहिनी म्हणाल्या, "हे शक्यच नाही. सकाळी दहाला आम्ही सगळ्या गौरीपुढे होतो, माजघरात बायकांची गर्दी होती." त्यांचे म्हणणे खरे होते, आणि फाइलही खरी होती. फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. भारतीय वेळ काढण्यासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. तसे केल्यावर पहिला भाग दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी सुरू झाला होता, दुसरा 4 वाजून 27 मिनिटांनी आणि तिसरा 5 वाजून 17 मिनिटांनी. त्या वेळी जेवणावळ आटोपून मोठी माणसे आडवी झाली होती किंवा शेजारी गेली होती. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत पाहिलेले काहीही या फाइलमध्ये आदल्या दिवसाच्या दिनांकाखाली येते, हेही येथेच लक्षात ठेवावे. "त्या दिवशी आम्ही घरी नव्हतो" अशी खात्रीने केलेली विधाने कित्येकदा केवळ या फरकामुळे चुकीची ठरतात.

याच तीन ओळी आणखी काही सांगतात. पहिला भाग 52 मिनिटे 3 सेकंद चालला, म्हणजे 10:57:15 ला संपला आणि पुढचा 10:57:20 ला सुरू झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतही पाचच सेकंदांचे अंतर आहे. माणूस रिमोट उचलतो, शोधतो, दाबतो, तेव्हा अंतर असे काटेकोर राहत नाही. पुढचे दोन भाग आपोआप सुरू झाले होते. कोणीतरी एकदाच निवड केली होती आणि नंतर कोणी रिमोटला हात लावला नव्हता. तिसरा भाग 11 मिनिटांनी तुटला, म्हणजे 5 वाजून 29 मिनिटांनी, आणि साडेपाचच्या सुमारास वहिनींनी मुलांना चहाला हाक मारली होती.

राहिला प्रश्न दादांच्या पिनचा. त्याचे उत्तर त्याच फाइलमध्ये एक ओळ वर होते. आदल्या रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी दादांनी त्याच टीव्हीवर, त्याच प्रोफाइलमध्ये, पिन टाकून एक चित्रपट सुरू केला होता. त्या ओळीनंतर थेट या तीन ओळी आल्या होत्या. मधल्या काळात कोणत्याही प्रोफाइलवरून या टीव्हीवर काही पाहिले गेले नव्हते.

पिन केव्हा विचारला जातो

येथे मी एक साधी चाचणी घेतली आणि ती सर्वांसमोर घेतली, कारण सांगून हा मुद्दा पटत नाही. दादांनी पिन टाकून आपले प्रोफाइल उघडले, एक कार्यक्रम लावला आणि नेहमीप्रमाणे रिमोटच्या लाल बटणाने टीव्ही बंद केला. दहा मिनिटांनी वहिनींनी टीव्ही लावला. पडद्यावर दादांचेच प्रोफाइल आले, आणि पिन विचारला गेला नाही. नंतर आम्ही टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद केला, थोडे थांबलो आणि पुन्हा सुरू केला. या वेळी ॲप उघडल्यावर "कोण पाहत आहे?" असे विचारणारी पाच चित्रे आली आणि दादांच्या चित्रावर दाबताच पिनच्या चौकटी आल्या.

रिमोटने बंद केलेला टीव्ही हा खरे तर झोपलेला टीव्ही असतो. ॲप त्याच्या स्मृतीत होते तसेच पडून राहते आणि जागे झाल्यावर तेथूनच पुढे चालू होते. प्रोफाइलचा पिन हे दाराचे कुलूप आहे आणि ते आत जाताना उघडावे लागते. आत गेलेला माणूस उठून गेला, तरी दार त्याच्या मागे आपोआप लागत नाही. मग त्या जागेवर जो कोणी येऊन बसेल तो सेवेच्या दृष्टीने दादाच असतो, त्याला दादांना दाखवण्याजोगे सारे दिसते आणि त्याने पाहिलेले सारे दादांच्या नावावर जमा होते. टीव्हीसमोर कोण बसले आहे हे ओळखण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या यंत्रणेकडे नाही. म्हणूनच वहिनींची आणि दादांची तक्रार मुळात एकच होती : मुलाने जे पाहू नये ते पाहिले, आणि दादांच्या यादीत जे नको ते आले, ही दोन्ही एकाच उघड्या दाराची फळे होती.

या चाचणीतून आणखी एक कोडे सुटले. घरच्यांना वाटत होते की पिन लहरीप्रमाणे विचारला जातो, एखाद्या दिवशी विचारतो तर एखाद्या दिवशी नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. वीज जाऊन आली की टीव्ही मुळापासून सुरू होतो आणि पिन मागतो. वीज न गेलेल्या दिवशी तो झोपेतून उठतो आणि मागत नाही. गौरीपूजनाच्या आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत वीज गेली नव्हती, हे सर्वांना नीट आठवत होते, कारण सणात वीज टिकली याचे सगळ्यांनाच समाधान वाटले होते. मात्र ॲप किती वेळ तसेच टिकून राहील हे टीव्हीच्या स्मृतीवर आणि मधे दुसरे काय उघडले यावर अवलंबून असते. त्यामुळे "एक रात्र गेली म्हणजे बंद झाले असेल" असे धरून चालता येत नाही.

मालिका कोणी लावली, हेही नंतर कळले. भावाचा चौदा वर्षांचा मुलगा सुट्टीला आला होता. त्याने टीव्ही लावला, समोर जे पहिल्या रांगेत होते ते निवडले, आणि धाकटा चुलत भाऊ शेजारी येऊन बसला. त्याने पिन फोडला नव्हता आणि तो खोटेही बोलला नव्हता. पिन त्याला विचारलाच गेला नव्हता. त्या घरात एका मुलावर पिन चोरल्याचा आळ आला होता आणि तो निघून जाणे मला तांत्रिक दुरुस्तीइतकेच गरजेचे वाटत होते.

चुकीचा ठरलेला पिन

दादांच्या तक्रारीचे कारण भावाशी फोनवर बोलताना पाच मिनिटांत उलगडले. गणपतीच्या मुक्कामात त्याला दिसले की त्याच्या अर्धवट पाहिलेल्या कार्यक्रमांच्या रांगेत कार्टून आणि पाककृती भरल्या आहेत. पाच चित्रांत त्याचे चित्र पहिले होते. टीव्ही मुळापासून सुरू झाला की चौकट त्या चित्रावर उभी असे आणि घरातला प्रत्येक जण न पाहता बटण दाबून पुढे जाई. म्हणजे ते प्रोफाइल नावापुरते भावाचे आणि प्रत्यक्षात सर्वांचे होते. भावाने निघण्यापूर्वी आपल्या फोनवरून त्याला पिन लावला, आणि सांगायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी दादांनी सवयीने पहिले चित्र दाबले, पिनच्या चौकटी आल्या, त्यांनी आपला पिन टाकला आणि तो साहजिकच चुकीचा ठरला. या सेवेत पिन खात्याचा नसून एकेका प्रोफाइलचा असतो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नव्हती.

पिन विसरला तर तो बदलण्यासाठी खात्याचा पासवर्ड किंवा खातेदाराच्या मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो. गुहागरच्या टीव्हीवर अडलेल्या माणसाला त्यासाठी मुंबईच्या माणसाचा फोन लागेपर्यंत थांबावे लागते. दादांनी दोनदा प्रयत्न केला, पण भाऊ कामावर होता, आणि तेवढ्यात "खाते कोणीतरी बळकावले" हा समज पक्का झाला. त्यात भर पडली ती उपकरणांच्या यादीत भावाच्या उपकरणाखेरीज आणखी एकदा दिसलेल्या "मुंबई" या स्थळाची. ते उपकरण म्हणजे वहिनींचा फोन होता. मोबाइल डेटावरून जोडलेल्या फोनचे स्थळ इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजाने ठरवले जाते, आणि तो पत्ता कंपनीच्या दूरच्या केंद्राचा असू शकतो. दूरचे शहर दिसणे हा घुसखोरीचा पुरावा म्हणून पुरेसा नाही. त्या ओळीतला उपकरणाचा प्रकार आणि शेवटच्या वापराची वेळ आपल्या घरातल्या एखाद्या फोनशी जुळते का, ते आधी पाहावे.

या टीव्हीवर आणखी एक पिन होता आणि त्याने काही काळ माझीही दिशाभूल केली. टीव्ही घेतला तेव्हा दुकानदाराने टीव्हीचे स्वतःचे बालकुलूप सुरू करून दिले होते. पिन कोणाचा आहे हे तो कोणत्या क्षणी विचारला जातो त्यावरून ओळखता येते. ॲपच्या चिन्हावर दाबताच, ॲपचे नाव पडद्यावर येण्यापूर्वी विचारला, तर तो टीव्हीचा. चित्र निवडल्यावर विचारला तर त्या प्रोफाइलचा. काही सेवांत प्रोफाइल उघडते, पण ठरावीक वयाच्या वरचा कार्यक्रम लावताना पिन मागितला जातो, तो वयोमर्यादेचा. अशी मर्यादा काही सेवांत संपूर्ण खात्याला लागू होते, तर काहींत ज्या उपकरणावर ती घातली त्याच उपकरणापुरती राहते, म्हणून फोनवर घातलेली मर्यादा टीव्हीवर तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार या सेवांना U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A असे वर्गीकरण दाखवावे लागते आणि U/A 13+ पासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. सोय देणे सेवेचे काम आहे, ती कोणत्या प्रोफाइलवर लावायची हे घराने ठरवायचे असते.

आजींचे प्रोफाइल

आजींच्या प्रोफाइलला पिन नव्हता, त्यामुळे मागच्या खोलीतल्या पर्यटकांना ते सहज उघडता येत होते. फाइलमध्ये आजींच्या नावावर रात्री पावणेबारा, साडेबारा अशा वेळांच्या नोंदी होत्या आणि उपकरणाच्या रकान्यात माजघरातल्या टीव्हीऐवजी स्टिकचा प्रकार होता. दोन्ही टीव्ही एकाच बनावटीचे असते, तर हा भेद फाइलवरून करता आला नसता, कारण तेथे उपकरणाचा प्रकार लिहिलेला असतो, खोलीचे नाव नव्हे. पर्यटकांचा येथे मला दोष दिसत नाही, सुरू असलेले ॲप त्यांनी वापरले इतकेच. पण घरगुती खाते पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना उपलब्ध करणे हे अशा सेवांच्या अटींत सहसा बसत नाही, आणि आजींच्या पाहण्याची सारी घडी त्यामुळे विस्कटली होती. ते खाते स्टिकवरून त्याच दिवशी बाहेर काढले.

काय बदलले

नको असलेल्या नोंदी आम्ही त्या-त्या प्रोफाइलच्या यादीतून लपवल्या. प्रोफाइल पुसून नवे करणे सोपे वाटते, पण त्याबरोबर आजींनी जमवलेली नाटकांची यादी आणि अर्धवट राहिलेल्या कीर्तनांच्या जागाही गेल्या असत्या. मालिकेचा एकेक भाग न लपवता संपूर्ण मालिका लपवावी, नाहीतर राहिलेल्या भागांवरून तशाच शिफारशी येत राहतात. लपवलेले सर्व उपकरणांवरून नाहीसे व्हायला एक दिवसापर्यंत वेळ लागू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी "अजून तेच दिसते" म्हणून फोन केला तेव्हा संध्याकाळपर्यंत थांबा एवढेच सांगावे लागले.

भाऊ, दादा आणि वहिनी या तिन्ही प्रोफाइलना वेगवेगळे पिन लावले आणि नवे प्रोफाइल तयार करण्यावरही पिन लावला. हे शेवटचे राहून गेले असते, तर चौदा वर्षांच्या मुलाला एखादे रिकामे प्रोफाइल मिळताच मर्यादा नसलेले स्वतःचे दार उघडता आले असते. आकडे निवडताना जन्मवर्ष आणि फोनचे शेवटचे चार आकडे टाळले. टीव्हीवर पिन टाकताना चौकट एकेका आकड्यावर सरकते आणि शेजारी बसलेल्या मुलाला ती दिसते, म्हणून पिन टाकायचा तेव्हा मुले समोर नसावीत हेही ठरले.

आजींसाठी मात्र पिन नको असे मी सुचवले आणि त्यावर थोडा वाद झाला. त्यांची बोटे थरथरतात, रिमोटने चार आकडे टाकणे त्यांना जड जाते, आणि पिन लावला असता तर त्यांनी पाहणेच सोडून दिले असते. त्याऐवजी त्यांच्या प्रोफाइलची वयोमर्यादा U/A 7+ वर आणली. त्यांची नाटके आणि कीर्तने त्या मर्यादेत दिसतात का ते एकेक करून तपासले. त्यांतले एक नाटक वरच्या वर्गात निघाले आणि दिसेनासे झाले, पण त्याची खंत आजींना वाटली नाही. मर्यादा घातलेले प्रोफाइल उघडे राहिले, तरी आत मुलाला घाबरवणारे काही उरत नाही, आणि कुलूप नसल्याची ती भरपाई आहे.

माजघरातल्या टीव्हीची झोपेतून लगेच जागे होण्याची सोय सेटिंगमधून बंद केली. आता तो मुळापासून सुरू होतो, त्याला थोडा अधिक वेळ लागतो, पण पाच चित्रे प्रत्येक वेळी येतात. सर्व टीव्हींमध्ये ही सोय बंद करता येत नाही, आणि जेथे येत नाही तेथे मोठ्या माणसाने पाहून झाल्यावर प्रोफाइल बदलण्याच्या पडद्यावर जाऊन मगच टीव्ही बंद करायचा, याला पर्याय नाही. पुढचा भाग आपोआप लागणे दादांच्या आणि वहिनींच्या प्रोफाइलमध्ये बंद केले. हे प्रत्येक प्रोफाइलमध्ये स्वतंत्रपणे करावे लागते.

खाते मुंबईच्या मोबाइलवर असण्याची अडचण राहिली आहे. भाऊ स्वतःचे प्रोफाइल नव्या खात्यात हलवून हे खाते दादांच्या क्रमांकावर करून देणार आहे. या सेवेत प्रोफाइल नोंदींसह दुसऱ्या खात्यात नेता येते, त्यामुळे त्याचे काही गमावणार नाही. ते दिवाळीत समोरासमोर बसून करायचे ठरले आहे.

महिन्याभराने आम्ही फाइल पुन्हा मागवली. मुलांच्या प्रोफाइलमध्ये मुलांचेच कार्यक्रम होते आणि दादांच्या यादीत अनोळखी काही नव्हते. आजींच्या नावावर मात्र 17:40 ची एक नोंद होती, म्हणजे रात्री 11 वाजून 10 मिनिटांची, आणि ती पाहून वहिनींनी लगेच मागच्या खोलीकडे पाहिले. उपकरणाच्या रकान्यात माजघरातला टीव्ही होता, आणि कार्यक्रम होता दीड तासाचे एक जुने नाटक, शेवटपर्यंत पाहिलेले. आजी म्हणाल्या, "मीच लावले होते. झोप येत नव्हती, आणि तुम्हाला उठवायचे नव्हते."